कानबाईचा रोट

कानबाई देवीच्या नैवेद्याचा रोट फक्त कुळातल्यांनी खायचा. लग्न झालं की लेकीचं कूळ बदलतं, मग तिला माहेरचा रोट चालत नाही. म्हणून पहाटेपासून खीर मी ढवळली, गंगाफळाची भाजी मी केली, आणि रोट खायला बसली वहिनी. परजातीतली, नागपूरची, चार महिन्यांपूर्वी या घरात आलेली! वर बोटं चाटत विचारते, "ताई, तुम्ही नाही बसत?"

माझा नुसता जळफळाट झाला.

आई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "रूपा, तुना रोट तुना सासरले शे."

शे ना! घटस्फोटानंतर नवऱ्यानं केलेली दुसरी बायको आज तिथे माझ्या पाटावर बसून तोच खात असेल.