विसरलेलं गिऱ्हाईक

"हे तुला खरं वाटणार नाही, पण मी एका मुक्या गिऱ्हाइकाला पाऊण तास रंगमंचावर खेळवलं होतं," आजी म्हणाली.

"मागच्या वेळी अर्धा तास होता," भिंगरी म्हणाली आणि तिने हातांची घडी आणखी घट्ट केली.

उद्या शाळेत नाटिका होती. भिंगरी गिऱ्हाईक होती, आणि ती जाणार नव्हती. आजच्या तालमीत दुकानदाराने "या, या, काय हवंय?" असं विचारलं आणि हिचं डोकं पुसलेल्या पाटीसारखं कोरं झालं. घरी येऊन तिने दप्तर आपटलं आणि जाहीर केलं, "घराण्यातच आहे ते. मी आजोबांवर गेलेय. दुसरी कुणी शोधा."

आजोबा खाली बसून नाटकातल्या दुकानासाठी रिकाम्या खोक्यांना रंगीत कागद चिकटवत होते. त्यांच्या विसरण्याचा किस्सा घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात सांगून झाला होता. त्यांनी वर न बघता खळीचं बोट कागदावरून फिरवलं.

"विसरलीस तर बिघडलं काय?" आजी पुढे सरकली. "तुझी नाटिका तीच आमची. मी दुकानदार, हे गिऱ्हाईक. तेव्हा 'अहो' वगैरे नव्हते हं, नुसता 'ए ठोंब्या'. बाईंनी संवाद लिहिलेला. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, बाई, हे चुकलंय. माणूस भांबावून दुकानात आलाय, काय आणायचं तेच विसरलाय, आणि मी त्याला 'काय हवंय' विचारू? ते माहीत असतं तर तो भांबावला असता का?"

"मग काय विचारायचं?"

"वस्तू कुठे लागते, कशाला लागते, हातात मावते का. एकेक पायरी खाली उतरवायचं माणसाला. बाई म्हणाल्या, लिहिलंय तेवढंच बोल. मी रोज काहीतरी बदलायचे आणि रोज ओरडा खायचे. शेवटी त्यांनी दुसरी मुलगी तयार ठेवली. 'एक अक्षर बदललंस तर दुकान तिचं.' झालं, तुझ्या आजीचा झाला पढवलेला पोपट."

"तू? पोपट?" भिंगरीने नाक मुरडलं.

"बाहेरून गं. आतून मी धुमसत होते."

मग आजीने पलंग बाजूला सरकवला आणि खोलीचा रंगमंच केला. टेबल ओढून तिरकं ठेवलं. समोरासमोर उभं राहिलं की दोघांचे खांदेच दिसतात, म्हणून दुकानदाराने अर्धं तोंड गिऱ्हाइकाकडे आणि अर्धं लोकांकडे ठेवायचं. समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द कानावर आला की आपलं वाक्य सुरू. बाई आडोशाला कागद घेऊन उभ्या. कुणी अडखळलं की पहिले दोन शब्द हळूच सुचवायचे, पूर्ण वाक्य नाही.

"पडदा वर गेला. मी म्हटलं, या, या, काय हवंय? हा ठोंब्या उभा! बाईंनी दोन शब्द सुचवले. हा बघतोय माझ्याकडे. बाईंनी अख्खं वाक्य सुचवलं, पहिल्या रांगेला ऐकू गेलं! तरी हा आ वासून. त्याचं वाक्य आल्याशिवाय माझं कसं येणार?"

"मग?"

"मग मी बाईंकडे बघितलं. त्या बोट हलवत होत्या, नाही म्हणून. मी सरळ त्यांच्याकडे पाठ केली आणि गल्ल्यावर हात ठेवून म्हटलं, 'बसा हो. गोंधळलात ना? होतं असं. पाणी घ्या. मला सांगा, घरात कुठे लागतं ते? स्वयंपाकघरात?' याने मान हलवली. 'हातात मावतं?' मावतं. 'भोकं आहेत त्याला?' आहेत. 'मग उद्या फुटकं म्हणून परत आणाल का?' अगं, लोक असे हसले की छपराचे पत्रे उडून शेजारच्या मैदानात पडले!"

"आजी!"

"दोन तरी पडलेच. मान हलवायची एवढंच याचं काम, बाकी सगळं नाटक मी ओढलं. तवा दाखवला, झारा दाखवला, किसणी दाखवली. बाई आडोशाला लालबुंद. पण चालू नाटकात दुकानदार बदलता येतो का? शेवटी मी गाळणी काढून धरली. हा ओरडला, 'हीच! हीच हवी होती मला!' पडदा पडला, टाळ्या थांबेनात. तेव्हा सांगते, गिऱ्हाईक विसरलं तर दुकानदार सांभाळतो. उद्या जा आणि बिनधास्त विसर."

भिंगरीच्या हातांची घडी सुटली होती. पण ती आजीकडे बघत नव्हती.

"तेव्हाही पडदा त्याच वाक्यावर पडायचा? 'हीच हवी होती मला' म्हटलं की दोरी सोडायची?"

"त्याच. ते वाक्य आलं नाही तर दोरीवाला पडदा सोडणारच नाही."

"आणि ते कागदात लिहिलेलं होतं?"

"अक्षर न् अक्षर."

"मग खोटं!" भिंगरी टुणकन उभी राहिली. "ज्याला काहीच आठवत नव्हतं, त्याला नेमकं पडद्याचं वाक्य कसं आठवलं?"

आजी आजोबांकडे वळली. इतक्या लग्नांत, इतक्या बारशांत हे कुणीच विचारलं नव्हतं. तिनेसुद्धा.

आजोबांनी शेवटचं खोकं बाजूला ठेवलं.

"बाई तिला तिच्या मनातलं एक अक्षर बोलू देत नव्हत्या," ते म्हणाले.