शनिवार तिचा, रविवार त्याचा

“शनिवारी तीनच घरं,” आयुष म्हणाला. “चौथं नाई.”

“अन् बारसं?” नंदिनीनं विचारलं.

“बारसं धरूनच तीन.”

लग्नानंतरचं पहिलं वर्ष या दोघांनी अहेरीत भांडण्यात घालवलं होतं. चार दिवस माणसं दिसली नाहीत तर नंदिनीला ताप चढायचा, चार माणसं एकदम दिसली तर आयुषला. शेवटी त्यांनी कायदा केला. शनिवारचा बेत गुरुवारीच ठरवायचा, म्हणजे त्याच्या मनाची तयारी होते. कार्यक्रमाला तिची स्कूटी वेगळी, त्याची सायकल वेगळी. दोन तास झाले की तो चष्मा पुसायचा आणि निघायचा. ती हवं तितकं थांबायची. रविवारी दार बंद, फोन बंद. दुपारी ती एकटीच शेजारी गप्पांना जायची, तो वाचनालयात.

या महिन्यात कायद्याचा कस लागला. गावच्या वाचनालयाची अध्यक्षपदाची निवडणूक आली. लालसूभाऊ निवडून आले तर वाचनखोली लग्नांना भाड्यानं देणार होते. आयुषच्या रविवारची आणि परीक्षेच्या पोरांची तेवढी एकच शांत जागा.

नंदिनीनं फॉर्म आणला. दोघांनी सह्या केल्या, एक उमेदवाराची, एक सूचकाची. चिन्ह मिळालं चष्मा.

“वहिनी, तुमच्यापुढं माझं काय चालते?” लालसूभाऊ बाजारात हसले. “तुम्ही तं सागवानालेही बोलतं कराल.”

“सागवानाले मत नाई ना, भाऊ.”

ती दारोदार फिरली. कोणाच्या सुनेचं कौतुक केलं, कोणाच्या कोंबडीचं.

बारशाच्या घरी आयुष मागच्या अंगणात, चुलाणाजवळच्या खाटेवर बसला. गर्दीला कंटाळलेले एकेक करून तिथेच आले. सोमारीआजीनं गुडघा सांगितला, बुधूनं न मिळालेली नोकरी. आयुष मध्येच एखादा प्रश्न विचारायचा, बाकी ऐकायचा. दोन तासांनी त्यानं चष्मा पुसला.

“तुमचा नवरा मतं काऊन नाई मागत?” एका बाईनं नंदिनीला विचारलं.

“मी आहो ना मागाले.”

मतमोजणी नेमकी रविवारी निघाली. आयुषचा चेहरा पडला.

“दोन तास,” नंदिनी म्हणाली. “पुढचा शनिवारही तुले देते.”

मतं मोजणाऱ्या गफ्फारचाचांनी शेवटची चिठ्ठी उलगडली. लालसूभाऊ एकेचाळीस. चष्मा एकशे त्रेसष्ट. ढोल वाजला, पोरांनी गुलाल उधळला, नंदिनीनं फुगडी घातली. लालसूभाऊंनीही तिला हात जोडले.

गफ्फारचाचा हार घेऊन पुढे आले. नंदिनी हसत बाजूला सरकली. तिच्यामागे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर आयुष चष्मा पुसत होता.

“पाचच मिनिटं, अध्यक्षसाहेब,” ती म्हणाली. “हार घालून घ्या, मंग जा घरी.”