नाइटला कोण?

नर्सच्या नोंदणीच्या परीक्षेआधी संपदा ममताला म्हणाली, "पेपर फुटलाय. अर्धे पैसे आज, उरलेले पेपर जुळल्यावर. तोवर आपली ओरिजनल मार्कशीट पेपर विकणाऱ्यांकडे. झेरॉक्स बाहेर नेऊ देत नाहीत, भाईंदर पूर्वेला एका खोलीत बसवून रात्रभर उत्तरं पाठ करून घेतात. चल."

"मला नको. आणि मला नाइट आहे."

पेपर शब्दन् शब्द तोच आला. संपदाला फर्स्ट क्लास मिळाला. नाइट करून तशीच परीक्षेला बसलेली ममता नापास झाली. पुढच्या खेपेला ती पास झाली, पण तोवर दोघी काम करायच्या त्या मीरा रोडच्या नर्सिंग होममध्ये संपदा इन्चार्ज होऊन बसली होती. तिच्या छातीवरची 'सिस्टर इन्चार्ज' ही पट्टी बघून ममता रोज जळायची. एक रात्र त्या खोलीत बसले असते, तर ती पट्टी माझी असती!

एकदा संपदाच्या मुलाला तापात फिट आली. त्याला तिथेच ॲडमिट केलं. ड्यूटी संपवून निघालेल्या ममताचा हात संपदाने धरला.

"आज नाइटला तूच थांब ना."

"दोघीजणी आहेत की. तुझ्यासारख्याच, फर्स्ट क्लासवाल्या."

"म्हणूनच सांगतेय. त्या खोलीत दोघी माझ्याच शेजारी बसल्या होत्या."