तक्रार असल्यास

पासिंग करून आणलेली रिक्षा दशरथनं महिपती पेंटरच्या भिंतीला लावली, तेव्हा तिची पाठ कोरी होती. आरटीओच्या साहेबाला मागचं लिखाण चालत नाही म्हणून पासिंगच्या आधी त्यावर काळा हात मारायचा आणि पास झालं की पुन्हा लिहून घ्यायचं, ही बिबवेवाडीची जुनी रीत. साहेबालाही ती ठाऊक होती. तोही दमलेलाच असे.

"लिही पेंटर," दशरथ म्हणाला. "पुढे जा, पण आधी पाया पड."

वर्षभर मनात घोळवलेलं वाक्य होतं. पण सांगताना त्याच्या आवाजात पूर्वीची मजा नव्हती. दिवसभर रांगेत उभं राहून पाय भरून आले होते, आणि भांडायलाही अंगात थोडी रग लागतेच.

भांडण धाकट्या भावाशी, दत्तोबाशी होतं. तो कात्रजच्या स्टँडवरचा रिक्षावाला. अबोला का धरला, हे आता दोघांपैकी कुणालाच धड सांगता आलं नसतं, पण तो मोडला मात्र नव्हता. पहिला घाव दशरथनं आपल्या रिक्षेच्या पाठीवर घातला होता, 'पाठचा भाऊ, पाठीत खिळा'. दत्तोबाचं पासिंग चैत्रात. तेव्हा त्याच्या रिक्षेवर उत्तर आलं, 'मोठेपण वयानं येत नाही'. यानं लिहिलं, 'आधी ब्रेक लाव, मग अक्कल शिकव', तर तिकडून आलं, 'जळू नकोस, पेट्रोल महाग आहे'. दोन्हीकडचे स्टँड पुढच्या वाक्याची वाट बघत, आणि दोघांचंही लिहिणारा हात एकच, महिपतीचा. इकडचं तिकडे मात्र त्यानं कधी सांगितलं नाही. सातारा रस्त्यावर एकमेकांच्या मागे आले की ज्याचं त्यानं वाचावं.

आणि वाचायला शिवीच असे असं नाही. रिक्षेच्या पाठीवर वरच्या कडेला दोघांच्याही 'आईचा आशीर्वाद' होता आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मुलांची नावं. पुतणी झाल्याचं दशरथला कुणी कळवलं नव्हतं. एका चैत्रात त्या शिवीखाली पिवळ्या रंगात 'निकिता' दिसलं, आणि त्या दिवशी स्टँडवर त्यानं सगळ्यांना चहा पाजला. कारण काही सांगितलं नाही.

एरवी महिपतीनं एव्हाना खडू लावलेला दोरा ताणून दोन रेघा उमटवल्या असत्या. मागचा माणूस लाल दिव्याला थांबला की हिरवा व्हायच्या आत त्याला वाचून झोंबलं पाहिजे, म्हणून तो लांबड लावू देत नसे. अक्षर आधी खडूनं बसवायचं, मग पिवळा ऑइलपेंट, तो सुकला की डाव्या अंगानं लाल सावली. हल्ली पलीकडच्या दुकानात कॉम्प्युटरवर कापलेली रेडियमची अक्षरं मिळत, तरी हे दोघे भाऊ महिपतीकडेच येत. आज मात्र त्यानं ब्रश डब्यातून काढलाच नाही.

"दशरथराव, उत्तर यायचं नाही आता," तो म्हणाला. "दत्तोबानं रिक्षा विकली."

मोटार घेतली, हिंजवडीच्या आयटी कंपनीला लावली, पोरापोरींची ने-आण करतो, असं त्यानं सांगितलं आणि रस्त्याकडे बोट केलं. रोज याच वेळेला इथून जातो, मला हात करतो, म्हणाला.

सिग्नल लाल झाला आणि पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत एक पांढरी गाडी येऊन थांबली. काचा बंद. आत गणवेश घातलेला दत्तोबा. त्यानं भिंतीला लावलेली रिक्षा पाहिली, रिक्षेशेजारचा भाऊ पाहिला, आणि आज हात केला नाही. दिवा हिरवा झाला. गाडी पुढे सरकली तेव्हा तिची पाठ दशरथला दिसली. आई नाही, निकिता नाही. छापील पट्टी तेवढी: 'चालकाबद्दल तक्रार असल्यास कळवा', आणि खाली फोन नंबर.

दशरथला मनापासून वाईट वाटलं. शिवी वाचूनही इतकं कधी वाटलं नव्हतं. तो रिक्षेच्या पायरीवर बसला, खिशातून मोबाइल काढला आणि नंबर विसरायच्या आत दाबला.

फोनवर एक मुलगी आली, गोड बोलणारी. तिनं गाडीचा नंबर विचारला, त्यानं सांगितला. रॅश ड्रायव्हिंग होतं का, सिग्नल तोडला का, असं ती क्रमानं विचारत गेली.

"नाही हो," दशरथ म्हणाला. "गाडी चांगली चालवतो. लहानपणापासून हात चांगलाय त्याचा."

"मग तक्रार काय आहे, सर?"

"बोलत नाही."

"ड्रायव्हरनं बोलायचं नाही, असाच रूल आहे आमचा," ती म्हणाली. "अजून काही मदत करू शकते का?"

दशरथनं फोन बंद केला. महिपती डब्यावरचं झाकण उगाच उघडझाप करत होता. शेवटी त्यानंच विचारलं, कोरीच ठेवायची का मग?

"नको. दोरा काढ," दशरथ उठत म्हणाला. "वर आई राहू दे. मध्ये लिही, 'चालकाबद्दल तक्रार असल्यास कळवा'. खाली माझा नंबर घाल. मोठा."

महिपतीनं त्याच्याकडे पाहिलं. "पुण्यात असं लिहिलंत, तर फोन खाली ठेवायला मिळायचा नाही."

"येऊ देत. सगळ्यांच्या तक्रारी ऐकीन," दशरथ म्हणाला. "त्यात एखादी त्याची असली म्हणजे झालं."