पदराची उलटी बाजू

चतुराबाई पुनमच्या रांगेपर्यंत येऊन पोचल्या होत्या.

सेनगावच्या मंगल कार्यालयात अक्षता पडल्या होत्या, जेवणाला अवकाश होता आणि चतुराबाई पैठण्या तपासत होत्या. त्या पुनमच्या आत्यासासू. साऱ्या भावकीत पैठणी फक्त आपल्यालाच कळते, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. पदर धरायचा, उलटा करायचा, बोट फिरवायचं. हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही पुढच्यासारखाच साफ असतो. मशीनवरच्या पैठणीला मागं धागे लोंबतात.

"धागे हायत. मशिनीची," त्यांनी आत्ताच अलीकडच्या रांगेतल्या पारुबाईंचा निकाल लावला होता. पारुबाईंनी पदर कमरेला घट्ट खोचला आणि मान खाली घातली.

पुनमची पैठणीही मशीनचीच होती. तिनं ब्लाऊजवर आरीवर्क करून घेतलं होतं, नवी नथ घातली होती. पण पदराच्या मागच्या बाजूला काही करता येत नाही. सकाळपासून ती भिंतीला पाठ लावून होती. अक्षताही तिनं तिथूनच फेकल्या. त्या एका फेटेवाल्या मामांच्या कॉलरमध्ये गेल्या.

सरकत सरकत ती कूलरपाशी आली. पुढं जागाच नव्हती.

"लपून काहून राहिली? दाव की," म्हणत चतुराबाईंनी पदर उलटा केला. धागेच धागे. मोर नुकताच भांडून आल्यासारखा. बायकांनी माना लांब केल्या.

तेवढ्यात कूलरच्या वाऱ्यानं चतुराबाईंचाच पदर उडाला आणि उलटा होऊन पुनमच्या तोंडावर बसला. त्याचे धागे तिच्या नथीत अडकले.

"आत्याबाई," पदराआडून पुनम कुजबुजली, "तुमचेबी धागे."

चतुराबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग साऱ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "बघा गं! असे धागे पाह्यजेत. हीच तर अस्सलची खूण!"

"आन् मघा माझी मशिनीची म्हनल्या ते?" पारुबाई ताडकन उठल्या.

"मघा चष्मा न्हवता. तुझीबी अस्सलच हाय."

झालं! बायकांनी भराभर पदर उलटे केले. जिकडंतिकडं धागे. एकमेकींची कौतुकं सुरू झाली. काहींनी तर पाठमोरे फोटो काढून घेतले.

इतक्यात पुनमची मोठी जाऊ शिला स्टेजवरून उतरली. तिची पैठणी थेट येवल्याला मागावर विणून घेतलेली. महिनाभर भावकीच्या ग्रुपवर तिचेच फोटो येत होते आणि ते बघून बाकीच्यांची झोप उडाली होती. कुणी मागायच्या आधीच तिनं ऐटीत पदर उलटा करून धरला. मोर दोन्ही बाजूंनी सारखाच देखणा. धागा एकही नाही.

बायकांनी तिचा पदर पाहिला, मग आपापले पाहिले.

पारुबाईंनी मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं लेकरा, मनाला लावून घेऊ नको. समद्यांनाच अस्सल कुठं परवडती?"