खालचे सूर

"प्रार्थना रोज होते की गं," शर्वरीचा अर्ज वाचता वाचता मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तिथे गा."

अर्जावर वर्गशिक्षिकेची सही होती. विषय: गुरुवारची संगीताची तासिका पुन्हा सुरू करणेबाबत. महिन्यापूर्वी ती बंद करून तिथे नववीचा गणिताचा जादा तास घातला होता.

"बाई, प्रार्थनेत सगळे एकच चाल गातात. आमच्या समूहगीतात दोन चाली एकदम चालतात. मी खालच्या सुरांत गाते. ते घरी एकटीनं जमत नाही."

"का नाही? म्हणून दाखव."

शर्वरीनं डोळे मिटून सुरुवात केली. तिच्या वाट्याच्या चारही ओळी दोन-तीन सुरांभोवतीच घुटमळत राहिल्या. बाईंना हसू आवरेना. "हे गाणं आहे की पाढे?"

"घरी आईपण हेच म्हणते." शर्वरीनं डोळे उघडले. "वरचे सूर 'ब' तुकडीतली नाझनीन गाते. महिनाभर ते माझ्या कानावर पडले नाहीत, बाई."

बाईंनी शिपाईमामांना पाठवून नाझनीनला बोलावून घेतलं. दोघींनी एकदम सूर लावला. नाझनीनचा आवाज वर चढत गेला आणि शर्वरीच्या त्याच चार ओळी त्याच्याखाली जमिनीसारख्या पसरल्या. बाईंचं हसू कधीच मावळलं होतं.

गाणं संपल्यावर त्यांनी अर्जावर शेरा मारला. "गुरुवारी संगीत. गणिताचा तास शनिवारी, शाळा सुटल्यावर. थांबाल ना?"

"थांबू," शर्वरी म्हणाली. तिची नजर नाझनीनवरून हटत नव्हती. "पण गुरुवारला अजून पाच दिवस आहेत. बाई, आत्ता आणखी एकदा म्हणू?"