सालोमेच्या दारात

चटईखाली श्वास कोंडत होता. केवड्याच्या पानांची ती बारीक विणीची चटई लूपेच्या आजीनं कितीतरी वर्षं खपून विणली होती. लग्नात किंवा मयतीतच ती पेटीबाहेर यायची. आज ती लूपेच्या आणि तुईलोमाकाकांच्या डोक्यावर होती, आणि दोघं पेनिनाच्या घरासमोर, ओल्या वाळूत मांडी घालून बसले होते.

पुढ्यात सरपणाची मोळी होती आणि भट्टीचे काळे दगड. सामोआत ज्याच्या हातून दुसऱ्याच्या घरातलं माणूस जातं, त्याच्या घरचे असेच येऊन बसतात. आम्हाला भाजून खा, वाटलं तर, असा त्याचा अर्थ. याला इफोगा म्हणतात. घरातल्या कुणी चटई उचलली तर माफी. नाही उचलली, तर ज्याच्या हातात कोयता असेल त्याची मर्जी.

"लाकडं वाळलेली आणलीस ना?" काका पुटपुटले. "ओल्या लाकडावर भाजून घ्यायला मी काही तयार नाही."

लूपेला हसू आलं नाही. काकांनाही आलं नसावं.

"मी अजून सांगतो, पोरी," ते म्हणाले. "तू तिला ढकललंस का? नाही. मग इफोगा कसला?"

"मीच तिला घेऊन गेले, काका."

हे ती सगळ्यांना सांगत होती. पाद्रीबाबांना, आईला, अंधाराला. ओहोटी लागली होती, दोघी खडकांत खायचे काटेरी समुद्री साळू वेचत होत्या. पाणी कमरेएवढं, अगदी संथ. पेनिना म्हणाली, दमले गं, परत जाऊ. आणि लूपे म्हणाली, "लग्नाच्या आधीच म्हातारी झालीस? चल, त्या पलीकडच्या खडकापर्यंत." टोपली घेऊन ती पुढे झाली. मागं वळून पाहिलं तेव्हा पाण्यावर नुसती पेनिनाची टोपी तरंगत होती.

दफन झालं तरी लूपेच्या मनात ती ओहोटी रोज लागायची. दर वेळी ती काहीतरी बदलून बघायची. चल, परत जाऊ, म्हणायची. टोपली पेनिनाच्या हाती द्यायची. मागं चालायची. दर वेळी पेनिना जिवंत राहायची, आणि मग सकाळ व्हायची.

सगळ्यात वाईट म्हणजे तिला आठवतच नव्हतं. टोपी दिसण्याआधी हाक आली होती का? कधी वाटायचं, आली होती, स्पष्ट आपलं नाव घेऊन, आणि आपण साळूच्या नादात दुर्लक्ष केलं. कधी वाटायचं, तो पक्षी होता. आठवणीला जितकं चाचपावं तितकी ती बदलायची. उकडलेल्या तारो कंदाचा तुकडा तोंडात फिरायचा, गिळवायचा नाही. एकदा पावसाच्या गारव्यात अंग सुखावलं, बरं झालं, गेली ती मी नव्हते, असं मनात येऊन गेलं, आणि ती उठून परसात ओकली.

कमरेएवढ्या पाण्यात पेनिना बुडेल, यावर गावाचा विश्वास नव्हता. तिच्यासारखी पोहणारी दुसरी नव्हती. म्हणजे लूपेनं तिला खोल पाण्यात नेलं असणार. पेनिनाचा भाऊ एतुआले चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर तेच बोलला होता. लूपेनं नाही म्हटलं नव्हतं. कुणीतरी आपल्याला दोष देतंय, याचा तिला आधारच वाटला होता.

घरात हालचाल झाली. एतुआलेचा आवाज आला.

"आली का? चटई घेऊन आली? मेलेल्या माणसाला चटई पुरते होय गं?"

"गप्प बस," आतून सालोमेमावशी म्हणाल्या. पेनिनाची आई.

"आई, तू मध्ये पडू नकोस. बाबा असते तर..."

"तुझे बाबा नाहीत. या घरातली मोठी मीच आहे. तो कोयता खाली ठेव."

कोयता ठेवल्याचा आवाज आला नाही. वाळूवर पावलं मात्र आली, सावकाश, थांबत थांबत. काकांनी लूपेचा हात घट्ट धरला. चटईच्या विणीतून उजेड चाळल्यासारखा येत होता. त्यात एक सावली उभी राहिली. लूपेनं मान खाली घातली. मानेवरची कातडी आवळून आली. होऊ दे, तिला वाटलं. एकदाचं होऊन जाऊ दे.

चटई उचलली गेली.

उजेडानं डोळे दिपले. समोर सालोमेमावशी होत्या. काखेत गुंडाळलेली, पांढरीशुभ्र, नवी चटई. पेनिनाच्या लग्नासाठी विणलेली. पुढच्या महिन्यात लग्न होतं.

त्यांनी लूपेला जवळ घेतलं नाही. सरपणाची मोळी उचलून स्वतःच्या बाजूला ठेवली, दगडही ठेवले, आणि तिथंच, लूपेसमोर, वाळूत बसल्या.

"आई, हे काय करतेस?" मावशींच्या मागून एतुआले ओरडला.

"लहानपणी पेनिनाला ताप येऊन सांधे सुजायचे, आठवतं?" त्या म्हणाल्या, लूपेकडे बघत. "त्या तापानं तिचं काळीज खराब केलं होतं. आपिया शहरातल्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, हिला पाण्यात एकटी सोडू नका, दमू देऊ नका, काळीज कधीही बंद पडेल. मी कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. खराब काळजाची मुलगी कोण करून घेतं? त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, आई, आज नको, छाती जड आहे. मी म्हटलं, घरी बसलीस तर लोक विचारतील. जा लूपेबरोबर."

एतुआलेच्या हातातला कोयता वाळूत पडला.

सालोमेमावशींनी लग्नाची चटई उलगडली आणि स्वतःच्या डोक्यावरून ओढून घेतली. तिच्याखाली त्यांचे खांदे हलत होते.

"उचल, पोरी," काका हळूच म्हणाले. "आता ती तूच उचलायची."

लूपे बघत राहिली. तिचा हात जागचा हलला नाही.